कान टोचल्यावर वाढणारी गाठ

पाळीला दुसरं भोक पाडलं, जखम भरली आणि काही महिन्यांनी भोकामागे खाजणारी, गुळगुळीत, टणक गाठ हाताला लागली. हा केलॉइड. जखम सांधणाऱ्या पेशी काम संपल्यावरही कोलॅजन बनवत राहतात, म्हणून व्रण मूळ भोकाची हद्द ओलांडून वाढतो. घरात कुणाला केलॉइड असेल, तर धोका अधिक.

गाठ नुसती कापली, तर ती बहुतेकदा परत येते. कापणं हीसुद्धा नवी जखमच.

म्हणून लहान गाठीत डॉक्टर दर 4 ते 6 आठवड्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. गाठ मऊ, चपटी होते. तिथली त्वचा मात्र फिकट पडू शकते. मोठी गाठ कापल्यावरही इंजेक्शनं देतात, शिवाय पाळी दाबून धरणारा चाप कित्येक महिने रोज बराच वेळ लावायला सांगतात. खाज किंवा टणकपणा परतला, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.