एका अपूर्णांकाचे दोन तुकडे

कागद-पेन्सिल घेऊन १०० ला ९८९९ ने भागा. भागाकार थोडा चिकाटीचा आहे, पण उत्तर पाहण्यासारखं आहे: ०.०१०१०२०३०५०८१३२१३४५५९०… दशांश चिन्हानंतर दोन-दोन अंकांचे गट पाडा. ०१, ०१, ०२, ०३, ०५, ०८, १३, २१, ३४, ५५. प्रत्येक संख्या तिच्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज आहे. पुढे ८९ यायला हवे होते, आले ९०. कारण त्यामागून येणारी १४४ ही संख्या दोन घरांत मावत नाही आणि तिच्यातला १ हातचा होऊन ८९ मध्ये मिसळतो.

ही मालिका फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. पिसाच्या या गणितज्ञाने १२०२ च्या ग्रंथात सशांच्या जोड्यांचं कोडं घातलं, त्यातून ती युरोपला कळली. आपल्याकडे छंदशास्त्रज्ञांना ती आधीच ठाऊक होती. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? ओळीचं शेवटचं अक्षर लघू असेल तर आधी एक मात्रा कमी असलेली ओळ उरते, गुरू असेल तर दोन कमी असलेली. म्हणून प्रकारांची संख्या आधीच्या दोन संख्यांच्या बेरजेइतकी होते: १, २, ३, ५, ८… बाराव्या शतकात हेमचंद्राने हा नियम स्पष्ट सांगितला आहे. शाळेत कवितेच्या ओळीवर लघू-गुरूच्या खुणा केलेल्या कुणालाही तो चार मात्रांसाठी पडताळून पाहता येईल. प्रकार बरोबर पाच भरतात.

पण या नियमाने शंभरावं पद हवं असेल, तर आधीची सगळी पदं काढावी लागतात. थेट शंभरावर नेणारं सूत्र हवं असेल, तर त्या भागाकाराकडेच परत यायला हवं.

मालिकेतली प्रत्येक संख्या एकेका खुंटीवर टांगू. पहिली x वर, दुसरी x² वर, तिसरी x³ वर:

F = x + x² + 2x³ + 3x⁴ + 5x⁵ + …

आता F ला x ने गुणलं की सगळ्या संख्या एक खुंटी पुढे सरकतात, x² ने गुणलं की दोन खुंट्या. F मधून या दोन्ही सरकवलेल्या बेरजा वजा करा. x³ च्या खुंटीवर 2 − 1 − 1, x⁴ वर 3 − 2 − 1, सगळीकडे शून्य. मालिकेचा नियमच तसा आहे. फक्त सुरुवातीचा x उरतो. म्हणजे F(1 − x − x²) = x, आणि

F = x / (1 − x − x²)

न संपणारी मालिका एका छोट्या अपूर्णांकात मावली. x च्या जागी १/१०० घाला, १००/९८९९ समोर येईल.

या अपूर्णांकातून शंभरावी संख्या बाहेर कशी काढायची? छेदात x आणि x² एकत्र असल्यामुळे तो सरळ उलगडत नाही. मात्र छेदात एकच पद वजा असतं, तर काम सोपं होतं: 1/(1 − ax) म्हणजे 1 + ax + a²x² + a³x³ + …, ही आपली ओळखीची भूमितीय श्रेढी. तिच्यात n व्या खुंटीवर काय आहे हे न मोजता सांगता येतं: aⁿ. म्हणून मूळ अपूर्णांक अशा दोन सोप्या अपूर्णांकांची बेरीज म्हणून लिहायचा. छेद समान करून अपूर्णांकांची बेरीज करायला आपण शाळेत शिकतो. आंशिक अपूर्णांक म्हणजे तीच क्रिया उलट दिशेने.

आधी छेदाचे अवयव पाडू: 1 − x − x² = (1 − ax)(1 − bx). उजवी बाजू गुणून पाहिली की a + b = 1 आणि ab = −1 मिळतं. म्हणजे a आणि b ही t² − t − 1 = 0 या वर्गसमीकरणाची उत्तरं:

a = (1 + √5)/2 ≈ 1.618, b = (1 − √5)/2 ≈ −0.618

नेहमीची चूक इथेच होते. सवयीने 1 − x − x² = 0 हेच समीकरण सोडवलं जातं आणि त्याची उत्तरं a, b म्हणून वापरली जातात. ती असतात −1.618 आणि 0.618, म्हणजे चिन्हं उलटी. चूक पकडायला एक तपासणी पुरते: a + b ची बेरीज 1 यायला हवी, −1 नव्हे.

आता x / ((1 − ax)(1 − bx)) = A/(1 − ax) + B/(1 − bx) असं मानू. छेद काढून टाकले की x = A(1 − bx) + B(1 − ax) उरतं. x = 0 ठेवलं की A + B = 0, म्हणजे B = −A. दोन्ही बाजूंचे x चे सहगुणक जुळवले की A(a − b) = 1. आणि a − b म्हणजे √5. म्हणून A = 1/√5, B = −1/√5. दोन्ही तुकडे श्रेढीत उलगडून n व्या खुंटीवरचं घेतलं, की झालं सूत्र:

Fₙ = (aⁿ − bⁿ) / √5

सूत्राला १८४३ मध्ये ते मांडणाऱ्या बिनेचं नाव मिळालं, पण अठराव्या शतकात द म्वाव्रला ते माहीत होतं.

दहावं पद काढून पाहू. a¹⁰ ≈ १२२.९९१९, त्याला √5 ने भागून ५५.००३६. b¹⁰ ≈ ०.००८१, भागून ०.००३६. वजाबाकी ५५. वर्गमुळांच्या या गर्दीतून पूर्णांक बाहेर येतो हे मला आजही फार सुंदर वाटतं. कारण मात्र साधं आहे: a आणि b मध्ये फरक फक्त √5 च्या चिन्हाचा, त्यामुळे वजाबाकीत √5 नसलेला भाग उडतो आणि उरलेला √5 भागाकारात जातो. शिवाय b चा वाटा कधीच अर्ध्यापर्यंत पोचत नाही. म्हणून aⁿ/√5 काढून जवळचा पूर्णांक घेतला तरी चालतं. मात्र a च्या पुरेशा दशांश जागा घ्यायला हव्यात. १.६१८ एवढ्यावर भागवलं, तर तिसावं पद ८३२०४० च्या ऐवजी सुमारे ५२४ ने कमी येतं.

सुरुवातीच्या दोन संख्या बदलल्या तरी छेद तोच राहतो, बदलतो फक्त अंश. मालिका p, q अशी सुरू केली आणि पहिली संख्या बिनखुंटीची ठेवली, तर अंश p + (q − p)x होतो. आता 1 आणि b पासून सुरुवात करा. b − 1 म्हणजे −a, तेव्हा अंश 1 − ax. छेदातला तोच अवयव कटतो, आणि उरतो फक्त 1/(1 − bx). दोन तुकड्यांपैकी वाढणारा तुकडा नाहीसा झाला. बेरीज करत गेलात तरी ही मालिका शून्याकडे विरत जायला हवी.

कागदावर करून बघा, b साठी −०.६१८ घेऊन: १, −०.६१८, ०.३८२, −०.२३६, ०.१४६, −०.०९०, ०.०५६, −०.०३४, ०.०२२, −०.०१२, ०.०१०, −०.००२, ०.००८. इथवर चिन्हं आलटून-पालटून येतात आणि संख्या एकंदरीत विरत जातात. पुढचं पद ०.००६, मग ०.०१४, ०.०२०, ०.०३४, ०.०५४… मालिका पुन्हा वर चढू लागली. b ची खरी किंमत −०.६१८०३४ च्या जवळ आहे; आपण गाळलेल्या त्या ०.००००३४ मुळे अंश आणि छेद पूर्ण कटले नाहीत, A शून्य न होता ०.०००००१५ च्या दहापट एवढा, म्हणजे सुमारे ०.०००१५ चा दहावा भाग उरला, आणि प्रत्येक पायरीला १.६१८ पट होत बारा-तेरा पायऱ्यांत तो वर आला.