सीचा व्हायवा : चार प्रश्न, मूळ एकच

डिप्लोमाच्या कॉम्प्युटर शाखेला दुसऱ्या सेमिस्टरमध्ये ‘प्रोग्रॅमिंग इन सी’ हा विषय असतो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रोग्रॅम चालवून दाखवला की परीक्षक तोंडी प्रश्न विचारतात. त्यासाठी प्रश्नोत्तरांची काही पानं मुलांच्या हातात असतात. सीनियरकडून ज्युनियरकडे, एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे ती फिरत राहतात. व्हेरिएबल म्हणजे काय, पॉइंटर म्हणजे काय, `int` किती बाइटचा असतो, अशी एकेका ओळीची प्रश्नोत्तरं त्यात असतात. ती पाठ करून गेलेला मुलगा पहिल्या प्रश्नाला धडाधड उत्तर देतो आणि दुसऱ्याला गप्प होतो. कारण दुसरा प्रश्न परीक्षक त्याच्याच पहिल्या उत्तरातून काढतात, तो पानावर सापडत नाही.

अशा पानांवर हमखास असणारे चार प्रश्न इथे घेतले आहेत. छापताना ते वेगवेगळ्या धड्यांखाली येतात, पण मुळाशी एकच गोष्ट आहे : व्हेरिएबल म्हणजे मेमरीतली एक जागा. त्या जागेला आपण नाव देतो, तिथे काय ठेवायचं त्याचा प्रकार ठरवतो, आत एक किंमत असते आणि त्या जागेला स्वतःचा पत्ता असतो. किंमत आणि पत्ता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं पक्कं डोक्यात असलं की पुढची उत्तरं पाठ करावी लागत नाहीत.

प्रश्न पहिला : `int` किती बाइटचा असतो?

बऱ्याच पानांवर उत्तर असतं ‘२ बाइट’. हे उत्तर टर्बो सीच्या काळातलं आहे. बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेला हा कंपायलर डॉससाठी, १६ बिटांच्या प्रोसेसरसाठी होता. तिथे `int` खरोखरच २ बाइटचा आहे आणि त्यात -३२७६८ ते ३२७६७ एवढ्याच संख्या मावतात. आज लॅबमध्ये जीसीसी किंवा त्यावर चालणारं कोडब्लॉक्स असेल, तर तिथे `int` ४ बाइटचा असतो. भाषेच्या प्रमाणित नियमांत `int` साठी ठरावीक बाइट दिलेले नाहीत. तो निदान १६ बिटांचा असावा एवढीच अट आहे, बाकी कंपायलरवर सोडलेलं आहे.

म्हणून उत्तर असं द्यावं : ‘कंपायलरवर अवलंबून आहे. आमच्या लॅबमध्ये ४ बाइट येतो, मी `sizeof` ने पाहिला आहे.’ मात्र हे म्हणण्याआधी खरोखर पाहायला हवं :

```c
int a = 200;
printf("%d\n", (int)sizeof(int));
printf("%d\n", a * a);
```

जीसीसीवर `4` आणि `40000` दिसेल. टर्बो सीवर `2` आणि `-25536`. उणे संख्या आली कुठून, हा परीक्षकांचा पुढचा प्रश्न असू शकतो. १६ बिटांत एकूण ६५,५३६ वेगवेगळ्या किमती मावतात आणि त्यातल्या अर्ध्या उणे बाजूला जातात. ४०,००० ही संख्या ३२,७६७ च्या पुढे गेली, तेव्हा तिच्यातून ६५,५३६ वजा होऊन -२५,५३६ उरले. प्रोग्रॅम कुठेही थांबला नाही, तक्रारही केली नाही. जागा लहान पडली की सी सहसा असंच गुपचूप चुकीचं उत्तर देतं.

प्रश्न दुसरा : `scanf` मध्ये `&` लागतो, `printf` मध्ये का नाही?

पानावरचं उत्तर : ‘`&` हा अ‍ॅड्रेस ऑपरेटर आहे.’ उत्तर बरोबर आहे, पण विचारलेल्या ‘का’चं उत्तर त्यात नाही.

`printf` चं काम किंमत दाखवण्याचं आहे. त्याला `a` मधले ५ मिळाले की पुरे, ते ५ मेमरीत कुठे ठेवलेले आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. `scanf` चं काम उलटं आहे. कीबोर्डवरून आलेली संख्या त्याला `a` मध्ये नेऊन ठेवायची आहे. त्यासाठी `a` मध्ये आत्ता काय आहे याचा काही उपयोग नाही, `a` कुठे आहे हे कळायला हवं. तो पत्ता `&a` देतं.

आता परीक्षक म्हणतील, ‘`&` काढून टाका, काय होईल?’ इथे ‘एरर येईल’ असं सांगून बहुतेक मुलं फसतात.

```c
int a;
scanf("%d", a);
```

हे कंपाइल होतं. जीसीसी फार तर इशारा देतं की `%d` साठी `int *` अपेक्षित आहे, पण दिलेला प्रकार `int` आहे. गडबड होते ती प्रोग्रॅम चालवल्यावर. `a` ला अजून काहीच किंमत दिलेली नाही, त्यामुळे त्यात जी काही निरर्थक संख्या पडलेली असेल तिलाच `scanf` पत्ता समजतं आणि तिथे लिहायला जातं. ती जागा सहसा आपल्या प्रोग्रॅमची नसते. लिनक्सवर `Segmentation fault` असा संदेश येऊन प्रोग्रॅम बंद पडतो. विंडोजवर संख्या टाइप करून एंटर दाबलं की तो तिथेच कोसळतो. टर्बो सीवर कधीकधी चालल्यासारखा दिसतो आणि भलतीच संख्या छापतो. तेव्हा इनपुट दिल्या दिल्या प्रोग्रॅम पडला, तर आधी `scanf` ची ओळ तपासावी.

प्रश्न तिसरा : कॉल बाय व्हॅल्यू आणि कॉल बाय रेफरन्स यांत फरक काय?

चारही प्रश्नांत हा सगळ्यात खोल आहे, आणि परीक्षक तो बहुधा अदलाबदलीच्या प्रोग्रॅमवर विचारतात. समजा `main` मध्ये `a` ५ आहे, `b` ९ आहे, आणि आपण `swap(a, b)` असं बोलावलं :

```c
void swap(int x, int y)
{
    int t = x;
    x = y;
    y = t;
}
```

परत आल्यावर `a` आणि `b` छापले तर `5 9` च येतं. काहीच बदललेलं नाही. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर नाव खोडून दुसरं लिहिलं म्हणून तलाठ्याच्या दप्तरातली नोंद बदलत नाही, तसंच इथे झालं. `x` आणि `y` या नव्या जागा आहेत. त्यांत ५ आणि ९ च्या प्रती आल्या, प्रतींची अदलाबदल व्यवस्थित झाली, आणि फंक्शन संपताच त्या जागाही गेल्या.

आता किमतींऐवजी पत्ते पाठवू. बोलावताना `swap(&a, &b)` लिहायचं आणि फंक्शन असं :

```c
void swap(int *x, int *y)
{
    int t = *x;
    *x = *y;
    *y = t;
}
```

हा प्रोग्रॅम कागदावर चालवून पाहावा. सोयीसाठी धरू की `a` चा पत्ता १००० आहे आणि `b` चा १००४. फंक्शनमध्ये शिरताना `x` मध्ये १००० आणि `y` मध्ये १००४ येतात. `*x` म्हणजे १००० या पत्त्यावर जे आहे ते, म्हणजे ५. ते `t` मध्ये गेलं. दुसऱ्या ओळीत १००४ वरचे ९ उचलून १००० वर ठेवले. तिसऱ्या ओळीत `t` मधले ५ नेऊन १००४ वर ठेवले. `x` आणि `y` मधले पत्ते शेवटपर्यंत तेच राहिले, बदललं ते त्या पत्त्यांवरचं सामान. आता `main` मध्ये `9 5` छापलं जातं.

याच्यापुढे एक सापळा असतो. ‘तारे काढून `t` ला `int *` केलं आणि `x`, `y` यांचीच अदलाबदल केली तर?’ उत्तर पुन्हा `5 9`. कारण या वेळी `x` मध्ये १००४ आणि `y` मध्ये १००० आले, म्हणजे फंक्शनकडच्या दोन पत्त्यांची जागा बदलली. त्या पत्त्यांवर कोणी काही लिहिलंच नाही. पत्ताही शेवटी प्रत करूनच पाठवला जातो.

यातूनच एक नेमकं उत्तर मिळतं. काटेकोरपणे बोलायचं तर सीमध्ये कॉल बाय व्हॅल्यू एवढी एकच पद्धत आहे. आपण पत्त्याची प्रत पाठवतो आणि त्या पत्त्यावर जाऊन मूळ किंमत बदलतो. अभ्यासक्रमाची पुस्तकं याला कॉल बाय रेफरन्स म्हणतात. व्हायवात आधी पुस्तकातला फरक सांगावा आणि मग हे वाक्य जोडावं. नुसतं ‘सीमध्ये कॉल बाय रेफरन्स नाहीच’ म्हटलं, तर पुस्तकातलं उत्तर माहीत नाही असा समज होण्याची शक्यता असते.

प्रश्न चौथा : मग स्ट्रिंग वाचताना `&` का नको?

```c
char name[20];
scanf("%s", name);
```

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलेल्या मुलाला हा प्रश्न हमखास येतो. `scanf` ला पत्ताच हवा असतो हा नियम इथेही मोडलेला नाही. अ‍ॅरेचं नुसतं नाव असं वापरलं की कंपायलर त्याच्या जागी पहिल्या घटकाचा पत्ता धरतो. पत्ता आधीच मिळालेला असल्यामुळे वेगळा `&` लावावा लागत नाही.

लगेच विचारतात, ‘यात किती अक्षरं मावतील?’ उत्तर १९. विसावी जागा `'\0'` साठी लागते, कारण स्ट्रिंग कुठे संपली हे सीला त्या खुणेवरूनच कळतं. वापरणाऱ्याने जास्त अक्षरं टाइप केली तर `scanf` थांबत नाही, शेजारच्या जागेवर लिहीत सुटतं. ते टाळायला `%19s` लिहावं. आणि `Kiran Patil` टाइप केलं तर `name` मध्ये फक्त `Kiran` येतं, कारण `%s` मोकळी जागा आली की थांबतं.

अ‍ॅरे फंक्शनला पाठवला की हाच नियम पुन्हा भेटतो. `main` मध्ये `sizeof(name)` २० सांगतं. पण तोच अ‍ॅरे फंक्शनने `char s[]` म्हणून घेतला, तर आत `sizeof(s)` ६४ बिटांच्या कंपायलरवर ८ सांगतं. फंक्शनपर्यंत अ‍ॅरे पोचलाच नाही, पोचला तो पहिल्या घटकाचा पत्ता, आणि ८ बाइट हे त्या पत्त्याचं माप आहे. संख्यांचा अ‍ॅरे पाठवताना सोबत `n` वेगळा द्यावा लागतो तो याचमुळे. अ‍ॅरेत केलेले बदल `main` मध्ये टिकतात, त्याचंही कारण तेच.

पान कसं तयार करावं

हातात आलेलं पान टाकून देऊ नये. प्रत्येक उत्तरासमोर तीन-चार ओळींचा प्रोग्रॅम लिहावा, आपल्याच लॅबच्या मशीनवर चालवावा आणि आलेलं आउटपुट तिथेच पेनाने नोंदवावं. ‘हे काढलं तर काय होईल’ यासाठी एक ओळ रिकामी ठेवावी आणि तीही करून पाहूनच भरावी. पत्ता प्रत्यक्ष पाहायचा असेल तर ही ओळ पुरेशी आहे :

```c
printf("%p\n", (void *)&a);
```

व्हायवात एखाद्या प्रोग्रॅमचं आउटपुट विचारलं आणि आठवेना, तर परीक्षकांकडे कागद मागावा. प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक चौकोन काढावा, वर नाव, खाली मनाने धरलेला पत्ता, आत किंमत लिहावी आणि प्रोग्रॅम ओळीओळीने चालवावा. चौकोनातली किंमत बदलतेय की पत्ता, एवढंच बघत गेलं की या चारांपैकी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर परीक्षकांच्या समोरच, त्या कागदावर निघतं.