पळताना हातांचं काम

तालुका स्पर्धेच्या सरावात आठवीतली एक मुलगी शंभर मीटर पळत होती. पाय वेगात होते, पण छातीवरचा नंबर प्रत्येक पावलाला डावी-उजवीकडे वळत होता. पीटीचे सर मातीतले ठसे बघत होते. पावलं सरळ रेषेत न पडता एकमेकांना ओलांडून पडली होती.

“तुझे हात छातीवरून आडवे जातायत,” सर म्हणाले.

“पण सर, पळायचं तर पायांनीच ना?”

सरांनी कॉम्प्युटर रूममधली फिरती खुर्ची आणवली. तिला बसवलं, पाय अधांतरी, हात मांडीवर. “आता उजवा पाय झटक्यात पुढे, डावा मागे.” खुर्ची उजवीकडे वळली. पाय बदलले तशी डावीकडे वळली. “आता उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे ने आणि उजवा मागे.” या वेळी खुर्ची जेमतेम हलली.

धावताना प्रत्येक पावलात एक क्षण असा येतो, की दोन्ही पाय हवेत असतात. तेव्हा रेटायला जमीन नसते. त्यामुळे पाय एका दिशेला पीळ घेतात, तेव्हा वरचं शरीर उलट्या दिशेला वळू पाहतं. पाठीच्या कण्याभोवतीचा हा पीळ हात खोडून काढतात. हात पायांपेक्षा कितीतरी हलके असतात, तरी हे जमतं, कारण खांदे रुंद असतात आणि हात शरीराच्या मध्यरेषेपासून दूर झुलतात. वजन जितकं दूर, तितका त्याचा फिरवण्याचा जोर जास्त. हिचे हात छातीवरून आडवे जात असल्यामुळे ते अंतरच कमी होत होतं, आणि उरलेला पीळ खांदे झेलत होते.

मग सरांनी तिला हात लांब सोडून जागच्या जागी पळायला लावलं. पाय भरभर उचलले जाईनात. लांब हात सावकाश झुलतो आणि पायांना त्याच्यासाठी थांबावं लागतं. कोपर साधारण काटकोनात ठेवल्यावर दोघांची लय जुळली. कोपर कायम घट्ट धरायचं नसतं, हात मागे जाताना ते थोडं उघडतं आणि पुढे येताना मिटतं. मूठ पुढे हनुवटीच्या उंचीपर्यंत, मागे कमरेच्या जरा पलीकडे.

“मग हात जोरात मारले की वेग वाढेल?” तिने विचारलं.

“नाही गं. पुढे ढकलतो तो पायच. हात फक्त त्याची ताकद वाया जाऊ देत नाहीत.”

हे अनेक प्रशिक्षकही विसरतात, आणि मुलं मुठी आवळून, खांदे कानापर्यंत चढवून पळतात. शेवटच्या वीस मीटरमध्ये दमल्यावर तर हे हमखास होतं. म्हणून सरांनी तिला दोन्ही हातांत वाळलेलं एकेक पान दिलं. पान चुरगळलं, तर ती फेरी पुन्हा पळायची.