न्यू जर्सीत आता किती वाजले?

माझी मावशी सांगलीला राहते, तिची मुलगी न्यू जर्सीत. दर रविवारी रात्री आठला मावशी फोन लावते. हिशोब तिला पाठ आहे : आपल्याकडे रात्र तर तिकडे सकाळ धरायची आणि वर दीड तास घालायचा. म्हणजे आपले रात्रीचे आठ, तर तिकडे सकाळचे साडेनऊ. पण ९ मार्च २०२५ च्या रविवारी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, साडेदहा वाजलेत, आम्ही बाहेर पडतोय." मावशी गोंधळली. तिचं गणित बरोबरच होतं, पण ते आदल्या दिवसापर्यंतचं होतं.

त्या पहाटे दोन वाजताच तिथली घड्याळं थेट तीनवर गेली होती. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. अमेरिकेत २००७ पासून हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं पुन्हा मागे येतात. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, घड्याळं तासभर पुढे ठेवली होती. आता आपली वेळ बारा महिने एकच असते. म्हणून 'भारत आणि न्यू जर्सीत किती तासांचा फरक?' या प्रश्नाला तारीख जोडल्याशिवाय उत्तरच नाही.

हिशोब करायची खात्रीची रीत अशी. दोन्ही ठिकाणं ग्रिनिच वेळेच्या किती पुढे किंवा मागे आहेत ते आधी मांडायचं. भारत साडेपाच तास पुढे, हे कायमचं. न्यू जर्सी हिवाळ्यात पाच तास मागे. एक पुढे आणि दुसरं मागे असल्यामुळे दोन्ही आकडे मिळवायचे : साडेदहा तास. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ तासभर पुढे सरकतं, म्हणजे ते ग्रिनिचच्या चारच तास मागे राहतं आणि फरक साडेनऊ तासांचा होतो. मावशीच्या पद्धतीत सांगायचं तर हिवाळ्यात दीड तास घालायचा आणि उन्हाळ्यात अडीच.

यावरून 'उन्हाळ्यात एक तास कमी करायचा' असा नियम मात्र करू नका. सिडनी आपल्या पुढे आहे. तिथे ऑक्टोबर ते एप्रिल घड्याळ तासभर पुढे असतं, त्यामुळे एरवीचा साडेचार तासांचा फरक त्या काळात साडेपाच होतो. बदलणारं गाव आपल्या मागे असेल तर अंतर घटतं, पुढे असेल तर वाढतं. शिवाय अमेरिका म्हणजे सगळी एकसारखी नव्हे. ॲरिझोनातलं फिनिक्स घड्याळ हलवतच नाही, तिथला फरक वर्षभर साडेबारा तासांचा असतो.

पुण्यातल्या ऑफिसांत घोळ होतो तो वेगळाच. जुलैत मेल येते, 'मीटिंग 10 AM EST'. EST हे न्यूयॉर्कच्या हिवाळी वेळेचं नाव. शब्दशः घेतलं तर आपल्याकडे रात्रीचे साडेआठ होतात. पण लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा त्याच्या भिंतीवरच्या घड्याळातले दहा असतात, आणि तेव्हा आपल्याकडे साडेसात वाजलेले असतात. तुम्ही तासभर उशिरा हजर! अशी मेल आली की 'न्यूयॉर्कच्या घड्याळात दहा ना?' एवढं विचारून घ्यावं. स्वतः कॅलेंडरमध्ये नोंद करताना अक्षरं न निवडता `America/New_York` हे शहराचं नाव निवडावं. त्या नावाबरोबर बदलाचे नियमही येतात. दर आठवड्याची मीटिंग असेल तर ती कोणत्या गावच्या घड्याळाला बांधली आहे, तेही ठरवावं लागतं. न्यूयॉर्कच्या सकाळी आठला बांधलेली मीटिंग पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहाला होते, उन्हाळ्यात साडेपाचला.

सगळ्यांत अवघड प्रसंग नोव्हेंबरातला. घड्याळ दोनवरून एकवर येतं, तेव्हा एक ते दोन हा तास दोनदा होतो. समजा, २ नोव्हेंबर २०२५ च्या पहाटे दीड वाजता न्यू जर्सीत बाळ जन्मलं आणि इकडे आजीला पत्रिका करायची आहे. पहिले दीड असतील तर भारतात सकाळचे अकरा वाजले होते. दुसरे असतील तर दुपारचे बारा. तासाभरात लग्नरास बदलू शकते. नुसत्या 'दीड'वरून कोणतंही गणित हे सांगू शकत नाही. तो जन्म घड्याळ मागे घेण्याआधीचा की नंतरचा, हे तिथे हजर असलेल्यांनाच विचारावं लागेल, आणि ते त्याच दिवशी लिहून ठेवलेलं बरं.