डाळ गिरणीची एक पानाची वही

औसा तालुक्यातील एका कुटुंबाने घरीच लहान डाळ गिरणी बसविली आहे. लातूरच्या मोठ्या गिरण्यांसारखे मुनीम त्यांच्याकडे कोठून असणार! “गिऱ्हाईक भरपूर, पण पैसा दिसत नाही, साहेब,” अशी घरधन्याची तक्रार. हिशेब मागितला, तर त्यांनी भिंतीवरचे खडूचे आकडे दाखविले. नांदेडकडच्या गिरण्यांतही मी हेच पाहिले आहे.

आम्ही शाळेची दोनशे पानी वही घेतली. एका आठवड्याला एकच पान, आणि त्याचे तीन भाग.

वरचा भाग मालाचा. किती किलो तूर भरडली, डाळ किती, चुणी किती, टरफल किती, हे सारे काट्यावर तोलूनच लिहायचे. पहिल्या आठवड्यात ४०० किलो तूर भरडली. डाळ २८०, चुणी ६०, टरफल ४०, म्हणजे एकूण ३८० किलो. धूळ व ओलावा यांत २० किलो गेली. दुसऱ्या आठवड्यात तेवढ्याच तुरीची डाळ २५६ झाली, पण चुणी ९२ वर गेली. माल घरातच होता, फक्त फुटला होता. तेल-पाणी लावलेली तूर उन्हात फार कडक वाळली होती, शिवाय रोलही जास्त आवळलेला निघाला. तिसऱ्या आठवड्यात डाळ, चुणी व टरफल मिळून ३६४ च भरले. येथे यंत्राचा दोष नव्हता. पाहुण्यांना दिलेली डाळ आणि म्हशीला घातलेली चुणी कोणी तोललीच नव्हती.

मधला भाग गल्ल्याचा. आरंभी ३,००० रुपये, रोख विक्री २६,००० आणि जुनी उधारी वसूल २,००० मिळून ३१,००० झाले. तूर खरेदी, मजुरी, वीज व घरखर्च मिळून २८,५०० गेले. गल्ल्यात २,५०० हवेत. मोजले तर १,९०० निघाले! मुलाने पेट्रोलला नेलेले ६०० लिहायचे राहिले होते. घरासाठी पैसे घेण्यास हरकत नाही, पण ते ‘घरखर्च’ या ओळीतच जावेत, नाहीतर तोटा गिरणीचा वाटतो.

खालचा भाग उधारीचा. त्यात नाव, रक्कम आणि तारीख एवढेच. उधार दिले त्या दिवशी ते येथे लिहावे, गल्ल्यात नाही. पैसे आले की येथे खोडावे आणि गल्ल्यात ‘वसुली’ म्हणून चढवावे. पुष्कळजण वसुली पुन्हा विक्रीत धरतात, त्यामुळे तीच डाळ दोनदा विकल्यासारखी होते.

शेजाऱ्यांची तूर मजुरीवर भरडून देता ना? तिचे वजन वहीच्या शेवटच्या पानांवर वेगळे ठेवा. ती आपल्या तुरीत मिसळली, तर वरच्या भागाचा काही उपयोग राहत नाही. या वहीतून यंत्राची झीज किंवा वर्षाचा नफा कळणार नाही, त्याला वेगळा हिशेब लागतो.

त्या घरची सून आता दर रविवारी संध्याकाळी पान भरते. चुणी ७० किलोच्या वर गेली की आधी वाळवण आणि मग रोल पाहायचा, असे तिने पानाच्या कडेला पेन्सिलने लिहून ठेवले आहे.