साहेब म्हणतात, ‘जरा कानोसा घे’

ही विनंती लेखी कधीच येत नाही. संध्याकाळी बहुतेक जण घरी गेल्यावर साहेब केबिनमध्ये बोलावतात, चहा मागवतात, कामाचं कौतुक करतात आणि निघता निघता म्हणतात, ‘बाकीचे माझ्याबद्दल काय बोलतात, जरा कानोसा घेत जा. आपल्यातच राहू दे.’ बहुधा नव्या, अजून कायम न झालेल्या माणसालाच हे सांगितलं जातं. त्याला नाही म्हणणं जड जातं.

साहेबांची अडचण खोटी नसते. अप्रिय गोष्ट तोंडावर सांगायला माणूस कचरतो, हे रोझेन आणि टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास प्रयोगांतून दाखवलं होतं. वरिष्ठांपुढे तर जीभ आणखीच जड होते. पण त्यावरचा हा उपाय घातक आहे.

समजा, शनिवारी कामावर बोलावल्यामुळे कॅन्टीनमध्ये चौघं कुरकुरताहेत. एक जण वैतागून म्हणतो, ‘यांना घरदार आहे की नाही?’ तुम्ही ते साहेबांच्या कानावर घालता. सांगताना त्यातला थकवा, हसू, मागचापुढचा संदर्भ गळतो आणि अपमान तेवढा उरतो. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब सुनावतात, ‘मलाही घरदार आहे!’ ते वाक्य ऐकणारे त्या टेबलावर चौघंच होते, त्यामुळे बातमी कुणी पोचवली हे शोधायला वेळ लागत नाही. मग तुम्ही आलात की विषय बदलतो. तुमच्या कानावर काहीच येत नाही, साहेब मात्र विचारतच राहतात. अशा वेळी माणूस स्वतःचा अंदाजच ऐकलेलं म्हणून सांगू लागतो आणि त्यावर कुणाची तरी पगारवाढ अडते. हेरगिरीचं शास्त्र मांडणाऱ्या कौटिल्यानेही एका हेराच्या शब्दावर विसंबू नये, तीन हेरांचं सांगणं जुळलं तरच विश्वास ठेवावा, असं सांगितलं आहे. इथे तर एकच कान असतो, आणि तोही नोकरीच्या भीतीखाली.

म्हणून पहिल्याच वेळी स्पष्ट बोलावं. ‘बघतो’ म्हटलं की होकार गृहीत धरला जातो. ‘सर, कामात काही खटकलं तर माझं मत मी स्वतः सांगेन. दुसरं कोण काय म्हणालं, ते मला विचारू नका,’ एवढं पुरे. शनिवारचा प्रश्न खरा असेल तर सहकाऱ्यांना विचारून, सगळ्यांच्या वतीने तो उघडपणे मांडता येतो. तरीही दबाव आला, तर तारीख आणि नेमके शब्द स्वतःच्या वहीत टिपून ठेवावेत.

चोरी, लैंगिक छळ किंवा जिवाला धोका असेल तर मात्र गप्प बसू नये. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. अशी तक्रार तिथे लेखी करावी, साहेबांच्या कानात कुजबुजू नये.

आणि हे वाचणारे कुणी स्वतः साहेब असतील, तर त्यांना एक विनंती आहे. शनिवारबद्दल त्या चौघांनाच विचारा, आणि खरं बोलेल त्याच्यावर डूख धरू नका.