परदेशी प्रोबेट आणि अंबडची मोसंबीची बाग

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातले कलम 213 वगळले आणि ‘प्रोबेटची कटकट संपली’ असे बोलले जाऊ लागले. मुंबईतल्या फ्लॅटवाल्यांना हा दिलासा खराच. पण जालन्यातल्या हिंदू कुटुंबांवर, मृत्युपत्र मुंबईत केलेले नसेल आणि मिळकतही तिथली नसेल, तर ही सक्ती आधीही नव्हती. त्यांना नडतो तो वेगळाच समज: परदेशात स्थायिक झालेल्या माणसाचे मृत्युपत्र तिथल्या न्यायालयाने मान्य केले की इथली जमीनही मिळाली. तसे होत नाही, आणि होऊही नये.

समजा, अंबड तालुक्यातली मोसंबीची बाग आणि जालन्यातल्या बँकेतली ठेव मागे ठेवून एक गृहस्थ कॅलिफोर्नियात वारले. ते कायमचे तिथलेच झाले होते. मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिलेले, साक्षीदार एकही नाही. कॅलिफोर्नियात असे मृत्युपत्र चालते. मात्र खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तत्त्वाप्रमाणे ठेवीला मृताच्या अधिवासाचा कायदा लागतो आणि जमिनीला भारताचा. भारतात कलम 63 दोन साक्षीदार मागते. म्हणजे त्याच कागदावर ठेव मिळू शकते, बाग नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये विश्वनाथन खटल्यात हीच रेषा आखली: त्या काळी परके असलेल्या म्हैसूरच्या न्यायालयाचा निकाल मद्रासमधल्या स्थावर मिळकतीबाबत निर्णायक ठरत नाही.

दोन साक्षीदार असले तरी मूळ मृत्युपत्र परदेशी न्यायालयातच राहते. तलाठ्यापुढे ठेवायला हाती उरते ती प्रमाणित प्रत. त्यासाठीच कलम 228 आहे. ही प्रत जोडून जालन्याच्या जिल्हा न्यायालयाकडे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन मागता येतात. प्रतीवरचे अपोस्टिल फक्त सही-शिक्का खरा असल्याचे सांगते, मजकुराबद्दल काही नाही. एकदा तपासलेले पुन्हा कशाला तपासायचे, हा आक्षेप रास्त वाटतो. पण उदाहरणार्थ इंग्लंडमध्ये हरकत नसेल तर प्रोबेट बहुधा कागदपत्रांवरच मिळते. बाग कसणाऱ्या भावाला त्याचा पत्ताही नसतो. जालन्याचे न्यायालय त्याला नोटीस काढू शकते. शिवाय जमीन मृताच्या एकट्याची होती की एकत्र कुटुंबाची, हे कोणतेच प्रोबेट ठरवत नाही. फेरफार नोंदही मालकी देत नाही. तो वाद दिवाणी दाव्यातच सुटतो.

म्हणून परदेशात असलेल्यांनी इथल्या मिळकतीसाठी वेगळे मृत्युपत्र करावे, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि मूळ प्रत इथेच ठेवावी. मात्र नंतर परदेशात मृत्युपत्र करताना ‘आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे ठरावीक वाक्य तसेच राहू देऊ नये. त्या एका ओळीने इथले मृत्युपत्रही रद्द होऊ शकते.